घटक ५ : अहवालातील आकडा – ‘शाळेची सरासरी’ म्हणजे कोणाची?

५.१ उद्दिष्ट

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला निरनिराळ्या तुकड्यांच्या सरासरीवरून संपूर्ण शाळेची सरासरी योग्य रीतीने काढता येईल, चुकीच्या रीतीने काढलेला आकडा ओळखता येईल आणि तो आकडा अहवालात निःसंदिग्ध वाक्यात मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण अहवालाची भाषा पाहिली. अहवालातील विधान मोजके, पडताळता येण्याजोगे आणि एकाच अर्थाचे असावे, असे तेथे म्हटले होते. प्रस्तुत घटकात अशा एका विधानाचा विचार करावयाचा आहे, जे दिसायला पूर्णपणे निःसंदिग्ध असते, कारण त्यात एक आकडा असतो. आकडा आला की वाचक शंका घेत नाही. ‘शाळेचा निकाल बरा लागला’ या वाक्यावर कोणीही ‘बरा म्हणजे किती?’ असे विचारील; परंतु ‘शाळेची सरासरी ६० आहे’ या वाक्यावर ‘सरासरी कोणाची?’ असे सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न मला स्वतःला फार उशिरा विचारला गेला. पीएच.डी.च्या क्षेत्रकार्यात मी गावोगावी फिरून वऱ्हाडी–नागपुरी बोलीतील ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ अशा रूपांची नोंद घेत होतो. एका गावात चाळीस भाषक भेटले, दुसऱ्यात सहाच. प्रत्येक गावाची टक्केवारी काढून त्या टक्केवाऱ्यांची मी सरासरी काढली आणि ती ‘परिसराची टक्केवारी’ म्हणून लिहून टाकली. मार्गदर्शकांनी तो आकडा तांबड्या पेन्सिलीने वेढला व समासात दोनच शब्द लिहिले : ‘कोणाची सरासरी?’ पुढील विवेचन हे त्या दोन शब्दांचेच स्पष्टीकरण आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ अहवालातील एक वाक्य

नरखेड तालुक्यातील एका शाळेची कल्पना करू. ही शाळा व तिचे आकडे उदाहरणासाठी योजले आहेत. मात्र असे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालक म्हणून ऐकले असेल, किंवा शिक्षक म्हणून लिहिलेही असेल. इयत्ता आठवीच्या तीन तुकड्या आहेत. मराठी विषयाच्या प्रथम सत्र परीक्षेचे गुण शंभरपैकी आहेत. वर्गशिक्षकांनी आपापल्या तुकडीची सरासरी काढून कार्यालयात दिली आहे :

| तुकडी | परीक्षेस बसलेले विद्यार्थी | सरासरी गुण |
|---|---|---|
| अ | ६२ | ५४ |
| ब | ५४ | ५१ |
| क | १८ | ७५ |

‘क’ ही सेमी-इंग्रजीची नवी तुकडी आहे. मुले थोडी असल्यामुळे प्रत्येकाची वही शिक्षकांच्या नजरेखालून जाते, आणि ते गुणांत दिसते. अहवाल लिहिणाऱ्याने तीन सरासऱ्यांची बेरीज केली, ती १८० आली; तीनने भागले, ६० आले. अहवालात वाक्य लिहिले गेले : ‘इयत्ता आठवीची मराठी विषयातील सरासरी ६० आहे.’

या शाळेत असे ठरले होते की, इयत्तेची सरासरी साठच्या खाली असेल तर दररोज एक तास वाचन-लेखनाचा उपचारात्मक वर्ग घ्यावयाचा. अहवालात साठ आले, म्हणून वर्ग बंद झाला. ज्यांच्यासाठी तो होता ती बहुतेक मुले ‘अ’ आणि ‘ब’ या तुकड्यांतील होती.

५.३.२ कोणालाही न मिळालेले ५८८ गुण

आता एक साधा ताळा करून पाहू. सरासरीचा व्याख्येनुसार अर्थ असा की, एकूण गुण सर्वांना सारखे वाटून दिले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आले असते. म्हणून सरासरीला विद्यार्थ्यांच्या संख्येने गुणले की एकूण गुण परत मिळालेच पाहिजेत. परीक्षेस बसलेले विद्यार्थी ६२, ५४ आणि १८ मिळून १३४ आहेत. सरासरी ६० असेल तर एकूण गुण ६० × १३४, म्हणजे ८,०४० असावयास हवेत.

प्रत्यक्षात ते किती आहेत? प्रत्येक तुकडीची सरासरी तिच्या विद्यार्थिसंख्येने गुणली की त्या तुकडीचे एकूण गुण मिळतात. ‘अ’ तुकडीचे ६२ × ५४ = ३,३४८, ‘ब’ तुकडीचे ५४ × ५१ = २,७५४ आणि ‘क’ तुकडीचे १८ × ७५ = १,३५०. तिन्हींची बेरीज ७,४५२. अहवालातील वाक्य खरे मानले तर या इयत्तेच्या उत्तरपत्रिकांत आणखी ५८८ गुण असले पाहिजेत. ते कोणत्याही उत्तरपत्रिकेत नाहीत. कोणत्याही शिक्षकाने ते दिलेले नाहीत, कोणत्याही मुलाला ते मिळालेले नाहीत. केवळ भागाकाराच्या रीतीतून ते निर्माण झाले आहेत.

एकूण गुण ७,४५२ ला १३४ ने भागले की ५५.६ येतात. हीच इयत्तेची सरासरी. तीन तुकड्यांचे तीन आकडे अचूक होते, बेरीज अचूक होती, भागाकारही अचूक होता. तरीही निष्कर्ष जवळजवळ साडेचार गुणांनी चुकला. म्हणूनच ही चूक गणिताच्या पुनर्तपासणीत सापडत नाही. पुन्हा पुन्हा बेरीज केली तरी १८० च येणार.

५.३.३ दरडोई आणि दरतुकडी

‘सरासरी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘सर’ म्हणजे डोके किंवा टोक; ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध. मराठीत आणखी एक शब्द आहे, जो या प्रकरणात अधिक उपयोगी पडतो : ‘दरडोई’. दरडोई उत्पन्न म्हटले की भागाकार डोक्यांच्या संख्येने करावयाचा, घरांच्या किंवा गावांच्या संख्येने नव्हे, हे शब्दच सांगतो. ‘शाळेची सरासरी’ या शब्दप्रयोगात मात्र षष्ठी विभक्ती सारे झाकून टाकते. शाळा मुलांची असते आणि तुकड्यांचीही असते. भागाकार कशाने केला, ते ‘ची’ हा प्रत्यय सांगत नाही.

वरील चूक म्हणजे दरडोई आकड्याच्या जागी दरतुकडी आकडा ठेवणे. तीन सरासऱ्यांची बेरीज करून तीनने भागले, तेव्हा आपण प्रत्येक तुकडीला एक-तृतीयांश वजन दिले. ‘अ’ तुकडीचा हा एक-तृतीयांश हिस्सा ६२ मुलांत वाटला जातो, म्हणून तिच्यातील एका मुलाचा इयत्तेच्या आकड्यातील वाटा १८६ मध्ये एक इतका होतो. ‘क’ तुकडीचा तेवढाच हिस्सा अठराच मुलांत वाटला जातो, म्हणून तिच्यातील एका मुलाचा वाटा ५४ मध्ये एक. ‘क’ मधील एक मूल ‘अ’ मधील जवळजवळ साडेतीन मुलांइतके मोजले गेले. असे कोणी ठरवले नव्हते, आणि सभेत असा ठराव मांडला असता तर तो कोणी मान्यही केला नसता.

योग्य रीतीत प्रत्येक तुकडीच्या सरासरीला तिच्या विद्यार्थिसंख्येचा भार दिला जातो, म्हणून तिला भारित सरासरी म्हणतात. सरासरी गुणिले संख्या, अशा गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला एकूण संख्येने भागावयाचे. नाव काहीसे जड असले तरी यात नवीन काही नाही. आपण फक्त वर्गशिक्षकांनी केलेला भागाकार उलटा करून मूळ गुणांपर्यंत परत जातो. वर्गशिक्षकांनी सरासरीबरोबर एकूण गुणही दिले असते तर हा फेरा पडला नसता. कार्यालयातील संगणकावर तक्ता असेल, ‘B’ स्तंभात संख्या व ‘C’ स्तंभात सरासरी असेल, तर पुढील सूत्र हेच काम करते :

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

बहुतेक ठिकाणी तेथे `=AVERAGE(C2:C4)` असे लिहिलेले आढळते. ते सूत्र संख्येचा स्तंभ पाहतच नाही.

तुकड्यांची संख्या सारखी असेल तर दोन्ही रीतींनी एकच उत्तर येते. चूक वर्षानुवर्षे लक्षात न येण्याचे हे एक कारण आहे. तिन्ही तुकड्यांत पंचेचाळीसच्या आसपास मुले असतात तोवर साध्या भागाकाराने काही बिघडत नाही. अठरा मुलांची एक तुकडी निघते तेव्हा जुनी सवय अंगाशी येते.

५.३.४ तुकड्या बदलल्या तर?

एखाद्या आकड्याबद्दल शंका असल्यास आणखी एक परीक्षा घेता येते. कोणाच्याही गुणांत बदल न करता मुलांची फक्त विभागणी बदलायची आणि आकडा हलतो का ते पाहायचे.

समजा, शिक्षक कमी पडले म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ या तुकड्या कागदोपत्री एक केल्या. त्या एकत्रित तुकडीत ११६ मुले, त्यांचे एकूण गुण ६,१०२, सरासरी ५२.६. आता दोनच तुकड्या उरल्या, ५२.६ आणि ७५ यांची साधी सरासरी ६३.८ येते. एकाही मुलाचा एकही गुण वाढला नाही, आणि इयत्ता साठवरून जवळजवळ चौसष्टवर गेली. आता उलट करू. ‘क’ तुकडी बंद करून तिची मुले ‘ब’ मध्ये घातली. तेव्हा ‘ब’ मध्ये ७२ मुले, एकूण गुण ४,१०४, सरासरी ५७. ‘अ’ च्या ५४ शी तिची साधी सरासरी ५५.५.

त्याच १३४ उत्तरपत्रिकांतून आपल्याला ६०, ६३.८ आणि ५५.५ असे तीन आकडे मिळाले. भारित सरासरी तिन्ही वेळा ५५.६ च राहते, कारण एकूण गुण व एकूण मुले तीच आहेत. हजेरीपटाची पाने कशी बांधली यावर जो आकडा बदलतो, तो मुलांच्या मराठीविषयी काही सांगत नाही, पानांविषयी सांगतो.

५.३.५ दहावीचा निकाल : नऊ मंडळे, एक राज्य

आपल्याला परिचित असलेले एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. नरखेड तालुका नागपूर विभागात येतो. मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत नियमित विद्यार्थ्यांच्या उत्तीर्णतेची टक्केवारी विभागवार अशी होती : कोकण ९९.०१, कोल्हापूर ९७.४५, पुणे ९६.४४, मुंबई ९५.८३, अमरावती ९५.५८, नाशिक ९५.२८, लातूर ९५.२७, छत्रपती संभाजीनगर ९५.१९ आणि नागपूर ९४.७३.

या नऊ आकड्यांची बेरीज करून नऊने भागल्यास ९६.०९ येतात. मंडळाने राज्याचा निकाल मात्र ९५.८१ टक्के जाहीर केला. मंडळाने विभागांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढली नाही. राज्यात परीक्षेस बसलेले १५,४९,३२६ आणि त्यांपैकी उत्तीर्ण झालेले १४,८४,४३१, या दोन संख्यांचा भागाकार केला. म्हणजे राज्याचा आकडा दरडोई आहे.

दोन आकड्यांतील फरक पाव टक्क्याहून थोडाच अधिक आहे, आणि तो क्षुल्लक वाटेल. पण साडेपंधरा लाखांवर तो लावला की सुमारे ४,३०० विद्यार्थी होतात. साधी सरासरी राज्याचा निकाल मानणारा मनुष्य नकळत एवढ्या अनुत्तीर्ण मुलांना उत्तीर्ण करून टाकतो.

हा फरक येतो कोठून? कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. विद्यार्थिसंख्येने तो सर्वांत लहान आणि निकालात सर्वांत वर. साध्या सरासरीत त्याला मुंबई विभागाइतकेच, म्हणजे एक-नवमांश वजन मिळते. मुंबई विभागात मात्र मुंबईसह ठाणे, पालघर आणि रायगड येतात. कोकण वगळून उरलेल्या आठ विभागांची साधी सरासरी काढून पाहा : ती ९५.७२ होते. राज्यातील विद्यार्थ्यांचा अगदी लहान हिस्सा बाजूला काढताच आकडा राज्याच्या निकालाच्या वरून खाली आला. आपल्या शाळेतील ‘क’ तुकडी आणि येथील कोकण विभाग यांचे स्थान सारखेच आहे, आणि यात कोकणाचा काही दोष नाही.

५.३.६ प्रत्येक तुकडी वर, इयत्ता खाली

आता मूळ शाळेकडे परत येऊ. पुढील वर्षी आठवीत पुन्हा १३४ मुले परीक्षेस बसली. मात्र या वेळी ‘क’ तुकडीत आठच मुले आहेत. ‘अ’ मध्ये ६६ आणि ‘ब’ मध्ये ६०. तिन्ही शिक्षकांनी मेहनत घेतली आणि प्रत्येक तुकडीची सरासरी एका गुणाने वाढली : ‘अ’ ५५, ‘ब’ ५२, ‘क’ ७६. साधी सरासरी ६१. अहवालात ‘एका गुणाची वाढ’ असे लिहिले जाईल.

एकूण गुण काढून पाहा : ३,६३०, ३,१२० आणि ६०८, मिळून ७,३५८. गेल्या वर्षी तेवढ्याच मुलांना ७,४५२ गुण मिळाले होते. भारित सरासरी ५५.६ वरून ५४.९ वर आली आहे. प्रत्येक तुकडी वर गेली आणि इयत्ता खाली आली. प्रथमदर्शनी हे अशक्य वाटते, परंतु कारण सरळ आहे : जास्त गुणांच्या तुकडीतील मुलांचे प्रमाण १३४ मध्ये १८ वरून ८ वर आले.

येथे भारित सरासरीचीही मर्यादा कळते. ‘इयत्तेतील मुलांना मिळून किती गुण मिळाले?’ या प्रश्नाचे उत्तर ती अचूक देते. ‘शिक्षकांनी गेल्या वर्षीपेक्षा चांगले शिकवले का?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. तो प्रश्न असेल तर तुकडीवार आकडे त्यांच्या विद्यार्थिसंख्येसह शेजारी ठेवावे लागतात. ५४.९ हा एकच आकडा पाहून शिक्षकांना जाब विचारणे अन्यायाचे होईल; आणि ६१ हा आकडा पाहून उपचारात्मक वर्ग बंदच ठेवणे मुलांवर अन्यायाचे.

५.३.७ साधी सरासरी केव्हा योग्य?

तुकड्यांच्या सरासरीची साधी सरासरी नेहमीच निरर्थक असते असे नाही. ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असते. तुकडी हाच जर आपला विचाराचा घटक असेल, म्हणजे ‘एका तुकडीत सामान्यतः किती गुणांची पातळी आढळते?’ असे विचारावयाचे असेल, तर ६० हे उत्तर योग्य आहे. मात्र त्याला ‘तुकड्यांची सरासरी’ म्हणावे, ‘विद्यार्थ्यांची’ किंवा नुसतेच ‘शाळेची’ म्हणू नये.

हा भेद पटसंख्येच्या बाबतीत गमतीदार रूप घेतो. आपल्या शाळेत आठवीच्या एका तुकडीत सरासरी किती मुले परीक्षेस बसली? १३४ भागिले ३, म्हणजे सुमारे ४५. हे मुख्याध्यापकांचे उत्तर. आता प्रत्येक मुलाला विचारा, ‘तुझ्या तुकडीत किती मुले आहेत?’ ‘अ’ मधील बासष्ट मुले ‘बासष्ट’ म्हणतील, ‘ब’ मधील चौपन्न मुले ‘चौपन्न’ म्हणतील, आणि ‘अठरा’ म्हणणारी फक्त अठरा असतील. या १३४ उत्तरांची सरासरी सुमारे ५३ येते. ‘आमच्याकडे एका वर्गात पंचेचाळीस मुले’ असे सांगणारी शाळा आणि ‘आमच्या वर्गात दाटी आहे’ म्हणणारे पालक, दोघेही खरे बोलत असतात. एकाने वर्ग मोजले आहेत, दुसऱ्याने मुले.

५.३.८ भार कोणता : पट की उपस्थिती?

भारित सरासरी काढताना एक चूक वारंवार होते. भार म्हणून हजेरीपटावरील संख्या घेतली जाते, आणि सरासरी मात्र परीक्षेस बसलेल्यांची असते. प्रथम सत्र परीक्षेच्या सुमारास नरखेडच्या परिसरात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांची गडबड असते. काही मुले त्या दिवसांत शाळेत दिसत नाहीत. समजा, ‘अ’ तुकडीचा पट ७० आहे आणि परीक्षेस ६२ बसली. ‘ब’ चा पट ५७ आणि बसली ५४. ‘क’ ची अठराच्या अठरा बसली. पटाचा भार दिला तर उत्तर ५५.४ येते. फरक थोडा आहे, पण चूक तत्त्वाची आहे : न बसलेल्या अकरा मुलांना आपण त्यांच्या तुकडीची सरासरी बहाल केली. नियम एवढाच की, वर्गशिक्षकांनी ज्या संख्येने भागले असेल त्याच संख्येने आपण गुणावे.

याहून वाईट रीत म्हणजे गैरहजर मुलांना शून्य गुण धरून बेरीज करणे. शून्य हा मिळालेला गुण आहे. गैरहजेरी म्हणजे गुण नसणे. त्या अकरा मुलांना किती वाचता येते, हे या परीक्षेला ठाऊक नाही, आणि अहवालाने ते ठाऊक असल्याचा आव आणू नये. अकरा हा आकडा मात्र अहवालात आलाच पाहिजे.

तालुका पातळीवर हे सारे अधिक तीव्र होते. नरखेड आणि मोवाड या नगरपरिषदेच्या गावांतील शाळा, जलालखेडा किंवा सावरगाव यांसारख्या मोठ्या गावांतील शाळा आणि लहान खेड्यांतील मोजक्या मुलांच्या शाळा एकाच तक्त्यात येतात. तुकड्यांच्या सरासरीवरून शाळेची, शाळांच्या सरासरीवरून केंद्राची आणि केंद्रांच्या सरासरीवरून तालुक्याची अशी साधी सरासरी काढीत गेल्यास प्रत्येक पायरीवर मुलांचे वजन बदलते. शेवटी हाती येणाऱ्या आकड्यात कोणत्या मुलाचा किती वाटा आहे, हे सांगणेही कठीण होते. म्हणून वर पाठवावयाच्या नमुन्यात ‘सरासरी’ या रकान्याआधी ‘परीक्षेस बसलेले’ आणि ‘एकूण गुण’ हे दोन रकाने असावेत. बेरजांची बेरीज कितीही पायऱ्या चढली तरी बिघडत नाही.

५.३.९ अहवालाचे वाक्य

आता मूळ वाक्याकडे भाषेच्या दृष्टीने पाहू. ‘इयत्ता आठवीची मराठी विषयातील सरासरी ६० आहे’ या वाक्यात सरासरी कोणाची, किती जणांची आणि कोण वगळले, या तिन्ही गोष्टी अध्याहृत आहेत. त्याऐवजी असे लिहिता येईल :

‘इयत्ता आठवीच्या पटावरील १४५ विद्यार्थ्यांपैकी १३४ विद्यार्थी मराठी विषयाच्या प्रथम सत्र परीक्षेस बसले. या १३४ विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ५५.६ आहे. तुकडीनिहाय सरासरी पुढीलप्रमाणे : अ (६२ विद्यार्थी) ५४, ब (५४ विद्यार्थी) ५१, क (१८ विद्यार्थी) ७५.’

वाक्य लांबले आहे, आणि अहवाल आटोपशीर असावा असे आपणच मागे म्हटले होते. तरीही येथे मी लांबीच्या बाजूने आहे. ‘विद्यार्थ्यांच्या गुणांची’ हे दोन शब्द आणि कंसातील तीन संख्या यांच्यामुळे सभेतील कोणत्याही पालकाला मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार करून ५५.६ पडताळता येतात. उपचारात्मक वर्गाचा निर्णय घेणाऱ्याला ‘ब’ मधील ५४ मुले ५१ वर आहेत, हेही त्याच वाक्यात दिसते.

५.४ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. एका केंद्रातील तीन शाळांत चौथीच्या परीक्षेस अनुक्रमे ९, ३१ आणि १६० विद्यार्थी बसले. शाळांची सरासरी अनुक्रमे ८०, ६० आणि ५० आहे. केंद्राची सरासरी काढा. साध्या सरासरीने किती गुण जादा दाखवले जातात?

२. ‘आमच्या विद्यालयाची यंदाची सरासरी उपस्थिती ८८ टक्के आहे’ हे वाक्य वाचकाला पडताळता येईल अशा रीतीने पुन्हा लिहिण्यासाठी कोणती माहिती लागेल?

३. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण ग्रामीण भागात ७७.०१ टक्के, नागरी भागात ८८.६९ टक्के आणि संपूर्ण राज्यात ८२.३४ टक्के होते. पुरुषांत ते ८८.३८ आणि स्त्रियांत ७५.८७ टक्के होते. दोन्ही जोड्यांची साधी सरासरी काढून राज्याच्या आकड्याशी तुलना करा व फरकाचे कारण सांगा.

उत्तरांसाठी दिशा

१. एकूण गुण ७२० + १,८६० + ८,००० = १०,५८०; विद्यार्थी २००; सरासरी ५२.९. साधी सरासरी ६३.३ येते, म्हणजे दहाहून अधिक गुण जादा. ते बहुतांशी नऊ मुलांच्या शाळेमुळे आले आहेत.

२. प्रत्येक तुकडीचा पट, कामाचे दिवस आणि प्रत्यक्ष हजर दिवसांची बेरीज. हजर दिवसांच्या एकूण बेरजेला ‘पट × कामाचे दिवस’ यांच्या एकूण बेरजेने भागावे. तुकड्यांच्या टक्केवाऱ्या मिळवून भागू नये.

३. ग्रामीण व नागरी यांची साधी सरासरी ८२.८५, म्हणजे खऱ्या आकड्याहून अधिक. कारण राज्यात ग्रामीण लोकसंख्या जास्त आहे आणि तिचे प्रमाण कमी आहे. पुरुष व स्त्रिया यांची साधी सरासरी सुमारे ८२.१३, म्हणजे खऱ्या आकड्याहून कमी. कारण स्त्रियांची संख्या पुरुषांहून कमी होती आणि साध्या सरासरीने त्यांच्या कमी प्रमाणाला जादा वजन दिले. येथे भार म्हणून सर्व लोकसंख्या नव्हे, तर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्या घ्यावी लागते, कारण जनगणनेत साक्षरता त्या वयापासूनच मोजली जाते. राज्य तेच, माणसे तीच. एका विभागणीने साधी सरासरी वर सरकते आणि दुसरीने खाली.